होम लोनचं ओव्हरड्राफ्ट खातं: दुकानाचा फिरता पैसा पार्क करा, व्याज वाचवा, आणि पैसा हातातही ठेवा

होम लोनच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता: "सर, दुकानात दोन-चार लाख रुपये कायम फिरत असतात. ते होम लोनमध्ये भरून टाकावेत का? पण मग माल भरायच्या वेळी पैसे आणायचे कुठून?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. नोकरदार माणसाला बोनस मिळाला की तो बिनधास्त लोनमध्ये भरतो, कारण पुढच्या महिन्यात पगार येणार हे त्याला माहीत असतं. आपलं तसं नाही. आज खात्यात दिसणारे चार लाख पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याला द्यायचे असतात. एकदा प्रीपेमेंट केलं की ते पैसे बँक परत देत नाही. परत हवे असतील तर टॉप-अप लोनचा अर्ज, कागदपत्रं आणि थांबणं आलं.

यावर बऱ्याच बँकांकडे एक उत्तर आहे, ते म्हणजे ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं होम लोन. स्टेट बँकेचं 'मॅक्सगेन' आपल्याकडे सगळ्यात जास्त माहीत आहे. बँक ऑफ बडोदाचं 'होम लोन ॲडव्हान्टेज', आयडीबीआयचं 'इंटरेस्ट सेव्हर', स्टँडर्ड चार्टर्डचं 'होम सेव्हर' हे त्याच घराण्यातले प्रकार. नियम थोडे वेगळे असले तरी मूळ कल्पना एकच आहे. आज हीच कल्पना आकड्यांसह समजून घेऊ, आणि ती कुणाला परवडते, कुणाला नाही तेही बघू.

खातं चालतं कसं?

साध्या होम लोनमध्ये दोन खाती पूर्ण वेगळी असतात. लोन खात्यात ३० लाख देणं आहे आणि करंट खात्यात ३ लाख पडून आहेत, तरी व्याज पूर्ण ३० लाखांवर लागतं. करंट खात्यावर आपल्याला व्याज शून्य. म्हणजे आपलेच ३ लाख बँक फुकट वापरते आणि तिच्या पैशांचं व्याज आपण भरतो.

ओव्हरड्राफ्ट प्रकारात लोन खातंच चालू खात्यासारखं वागतं. त्यात तुम्ही ३ लाख टाकले की खात्यातलं देणं त्या दिवसापासून २७ लाख दिसतं आणि व्याज २७ लाखांवर मोजलं जातं. उद्या ३ लाख काढले की उद्यापासूनच पुन्हा ३० लाखांवर. हिशोब रोज संध्याकाळी उरलेल्या शिलकीवर होतो आणि महिन्याच्या शेवटी व्याज एकदम नावे पडतं. काही बँका लोनला वेगळं बचत किंवा चालू खातं जोडून देतात आणि त्यातली शिल्लक देण्यातून वजा धरतात. परिणाम जवळपास तोच.

आता यातला एक शब्द नीट समजून घ्या, कारण पुढचे बरेच घोटाळे त्यावरूनच होतात. तो शब्द म्हणजे ड्रॉइंग पॉवर. म्हणजे आज या खात्यात जास्तीत जास्त किती देणं ठेवायची परवानगी आहे, ती मर्यादा. सुरुवातीला ती ३० लाख असते. दर महिन्याला हप्त्यातला मुद्दलाचा भाग जेवढा, तेवढी ती खाली येते, आणि मुदत संपते तेव्हा शून्य होते. तुम्ही पैसे पार्क केले म्हणून ही मर्यादा कमी होत नाही. म्हणूनच याला प्रीपेमेंट म्हणत नाहीत. पार्क केलेला पैसा तुमचाच राहतो, फक्त तो तिथे असेपर्यंत व्याजाला लगाम लावतो.

सूत्र सोपं आहे: ड्रॉइंग पॉवर वजा प्रत्यक्ष देणं म्हणजे तुम्हाला काढता येणारी रक्कम.

एका दुकानाचा हिशोब

समजा वह्या, दप्तरं, स्टेशनरीचं एक दुकान आहे. मालक एकटाच, म्हणजे प्रोप्रायटरशिप. होम लोन ३० लाखांचं, मुदत २० वर्षं. बँकेने दोन पर्याय दिले. साधं लोन ८ टक्के, ओव्हरड्राफ्टचं लोन ८.२५ टक्के. हे दर मी हिशोबासाठी धरलेत, तुमच्या बँकेचे आजचे दर घालून हाच हिशोब करायचा आहे.

साध्या लोनचा हप्ता येतो २५,०९३ रुपये. ओव्हरड्राफ्टचा २५,५६२. म्हणजे या सोयीसाठी दर महिन्याला ४६९ रुपये जास्त.

आता एक मधला महिना घेऊ, सप्टेंबर. शाळांचा सीझन संपलाय, दिवाळीची खरेदी सुरू व्हायचीय. पहिले दहा दिवस खात्यात ३ लाख पार्क होते. ११ तारखेला एका शाळेचं थकलेलं बिल आलं, म्हणून पुढचे दहा दिवस ५ लाख होते. २१ तारखेला सकाळी व्यापाऱ्यांना पैसे दिले, मग शेवटचे दहा दिवस फक्त १ लाख.

बँक काय करते? रोजची शिल्लक मोजते. ३ लाख दहा दिवस, ५ लाख दहा दिवस, १ लाख दहा दिवस. सरासरी निघते ३ लाख. ३ लाखांवर ८.२५ टक्क्यांनी ३० दिवसांचं व्याज होतं २,०३४ रुपये. पूर्ण ३० लाखांवर त्या महिन्याचं व्याज झालं असतं २०,३४२, ते आता १८,३०८ लागलं. पैसा दुकानाचाच, व्यापाऱ्याला वेळेवर गेला, आणि वाटेत दोन हजार कमवून गेला. करंट खात्यात त्याने एक रुपयाही दिला नसता.

लक्षात घ्या, इथे "महिन्यात किती भरले" याला अर्थ नाही, "किती दिवस राहिले" याला आहे. ५ लाख दोन दिवस ठेवण्यापेक्षा १ लाख महिनाभर ठेवलेला बरा.

जास्तीचा दर वसूल होतो का?

इथे बहुतेक जण फसतात. "व्याज वाचतं" एवढं ऐकून लोन घेतात आणि जास्तीच्या पाव टक्क्याकडे बघतच नाहीत. हा पाव टक्का पार्क केलेल्या पैशांवर नाही, तर अख्ख्या लोनवर लागतो. ३० लाखांवर ०.२५ टक्के म्हणजे वर्षाला ७,५०० रुपये. ही या सोयीची फी समजा.

मग किमान किती पैसे पार्क राहायला हवेत? ७,५०० ला ८.२५ टक्क्यांनी भागा. उत्तर येतं साधारण ९१ हजार. म्हणजे वर्षभराची सरासरी शिल्लक ९१ हजारांच्या खाली असेल, तर हे लोन तुम्हाला साध्या लोनपेक्षा महाग पडतं. सरासरी म्हणतोय मी. मार्चमध्ये एकदा ५ लाख दिसले म्हणून चालत नाही.

आपल्या दुकानदाराचं वर्ष बघू. चार महिने जोरात, तेव्हा सरासरी ५ लाख. चार महिने मध्यम, ३ लाख. चार महिने सुस्त, १ लाख. वर्षाची सरासरी ३ लाख. वाचलेलं व्याज २४,७५० रुपये. त्यातून ७,५०० फी वजा केली की निव्वळ फायदा १७,२५० रुपये.

"पण सर, एफडी केली असती तर?" हेही प्रामाणिकपणे बघू. ३ लाखांची एफडी, दर ६.५ टक्के धरला तर व्याज १९,५०० रुपये. पण ते तुमचं उत्पन्न धरलं जातं, त्यावर कर लागतो. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट २०.८ टक्के कर गेला की हातात राहतात १५,४४४. लोनवर वाचलेलं व्याज हे उत्पन्न नाही, म्हणून त्यावर कर नाही. तरीही फरक बघा, १७,२५० आणि १५,४४४. फार मोठा नाही. आणि सरासरी ३ लाखांऐवजी २ लाखच असेल तर ओव्हरड्राफ्टचा निव्वळ फायदा ९,००० आणि एफडीचे कर जाऊन १०,२९६. म्हणजे एफडी पुढे!

मग ओव्हरड्राफ्ट कशाला? कारण आपल्या दुकानदाराचा पैसा एफडीत बसणाराच नाही. तो दहा दिवस येतो, पंधरा दिवस जातो. एफडीत तो टाकताच येत नाही, म्हणून त्याची खरी तुलना करंट खात्यातल्या शून्य व्याजाशी आहे. तुमचा पैसा वर्षभर हलत नसेल तर गणित वेगळं, त्याकडे पुढे येतो.

वीस वर्षांत काय होतं?

हप्ता तुम्ही ठरलेलाच भरता, २५,५६२. पण व्याज कमी लागल्यामुळे त्या हप्त्यातला जास्त भाग देण्यातून कमी होतो. हा फरक खात्यात साठत जातो आणि त्यावरही पुढे व्याज वाचतं. सरासरी ३ लाख कायम पार्क राहिले आणि साठलेल्या बचतीला हात लावला नाही, तर सुमारे २०१ महिन्यांत लोन संपतं आणि ३ लाख पुन्हा तुमच्या हातात असतात. २४० ऐवजी २०१ म्हणजे सव्वातीन वर्षं आधी. साध्या ८ टक्क्यांच्या लोनमध्ये एकूण हप्ते भरले असते सुमारे ६०.२ लाख, इथे सुमारे ५१.३ लाख. फरक जवळजवळ ९ लाखांचा.

आकडा ऐकायला छान आहे, पण त्यातल्या दोन अटी विसरू नका. पावणेसतरा वर्षं सरासरी टिकली पाहिजे, आणि साठलेल्या बचतीला हात लावायचा नाही. दुसरी अट पहिल्यापेक्षा अवघड आहे. का, ते बघा.

"अव्हेलेबल बॅलन्स" नावाचं गाजर

वर्षभरानंतर आपला दुकानदार ॲप उघडतो. ड्रॉइंग पॉवर खाली येऊन सुमारे २९.३८ लाख झालेली आहे. प्रत्यक्ष देणं आहे सुमारे २६.१३ लाख. आणि अव्हेलेबल बॅलन्स दिसतो ३ लाख २५ हजारांच्या आसपास.

त्याने पार्क केले होते ३ लाख. मग वरचे २५ हजार कुठून आले? ती वर्षभरात वाचलेल्या व्याजाची रक्कम आहे. बँक ती वेगळ्या ओळीत दाखवत नाही, "तुमची बचत" असं लिहीत नाही. ती फक्त काढता येणाऱ्या रकमेत मिसळून जाते. साहजिकच माणसाला वाटतं, "अरे, सव्वातीन लाख आहेत की!" आणि दिवाळीला नवीन काउंटर, नवीन बोर्ड. २५ हजार काढले की वर्षभराची कमाई साफ. देणं पुन्हा मूळ वेळापत्रकावर, आणि वरून ७,५०० फी भरलेली.

म्हणून एक वही ठेवा, किंवा फोनमध्ये एक साधी शीट. त्यात दोनच आकडे लिहा. दुकानाचे पार्क केलेले पैसे किती, आणि ॲपमधला अव्हेलेबल बॅलन्स किती. दुसऱ्यातून पहिला वजा केला की तुमची खरी बचत निघते. तिला आपली समजायची नाही, ती लोनची आहे.

काही बँकांच्या जोडलेल्या खात्याच्या पद्धतीत हा फरक हप्त्यातूनच थेट मुद्दलात जातो आणि तुम्हाला काढता येत नाही. ज्याला खर्चावर ताबा कमी आहे असं वाटतं, त्याच्यासाठी ती पद्धत जास्त सुरक्षित. बँकेत हा प्रश्न सरळ विचारा: "वाचलेलं व्याज मला काढता येतं, की मुद्दलात वळतं?"

कोणता पैसा टाकायचा, कोणता नाही

दुकानात तीन प्रकारचा पैसा असतो, आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

पहिला, वाटसरू पैसा. गिऱ्हाइकाकडून आला आहे, पण पुढे कुणाला तरी द्यायचा आहे. गोळा केलेला जीएसटी हे उत्तम उदाहरण. महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा असतो. महिन्याच्या सुरुवातीला गोळा झालेला कर दीड महिना तुमच्याकडे असतो. आगाऊ कराचंही तसंच. ढोबळ टक्केवारीवर उत्पन्न दाखवणारे छोटे दुकानदार तो एकदम १५ मार्चपर्यंत भरतात, म्हणजे त्यासाठी बाजूला काढलेले पैसे कित्येक महिने पडून असतात. हे सगळे पैसे या खात्यात ठेवायला एकदम योग्य. फक्त तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण हा पैसा तुमचा नाही, सरकारचा आहे.

दुसरा, अडीअडचणीचा पैसा. दोन-तीन महिन्यांचं भाडं, पगार, लाईट बिल. हाही इथे चालतो, पण सगळा नको. एक महिन्याचा खर्च साध्या बचत खात्यात बाहेर ठेवा. कारण हे शेवटी लोन खातं आहे. हप्ते थकले किंवा काही कायदेशीर अडचण आली तर बँक पैसे काढणं थांबवू शकते. खातेदार गेला तर घरच्यांना ते पैसे लगेच काढता येत नाहीत. नेमकी गरज असते तेव्हाच दार बंद, असं व्हायला नको.

तिसरा, कायमचा पैसा. वडिलोपार्जित जागा विकली, विम्याचे पैसे आले, पाच वर्षं लागणार नाहीत हे नक्की माहीत आहे. हा इथे पार्क करण्यात फारसा अर्थ नाही. होम लोनचा दर बदलता असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यक्तिगत कर्जदाराला प्रीपेमेंटचा दंड लागत नाही. मग साध्या ८ टक्क्यांच्या लोनमध्ये ३ लाख सरळ भरले तर वर्षाला २४,००० वाचतात, आणि साडेसात हजारांची फीही नाही. ओव्हरड्राफ्टची फी ही पैसे परत काढण्याच्या किल्लीची किंमत आहे. जे कुलूप उघडायचंच नाही, त्याची किल्ली विकत घेऊ नका.

आधी या दोन जागा बघा

पार्क करायच्या आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा.

एक, दुकानाचं कॅश क्रेडिट खातं आहे का? असेल तर त्याचा दर बघा. तो बहुतेक वेळा होम लोनपेक्षा जास्त असतो, आणि ते खातंही असंच चालतं, म्हणजे रोजच्या शिलकीवर व्याज. समजा सीसी १०.५ टक्क्यांनी आहे आणि त्यात २ लाख उचललेले आहेत. मग आधी ते २ लाख भरा, उरले तर होम लोनकडे वळा. एकीकडे सीसी वापरायची आणि दुसरीकडे होम लोनमध्ये पैसे पार्क करायचे, हा उलटा व्यवहार झाला.

दोन, व्यापारी रोख सूट देतो का? "३० दिवसांनी द्यायचे ते आज दिले तर २ टक्के कमी" असं असेल, तर १ लाखाच्या बिलावर २,००० रुपये सरळ सुटतात. तेच १ लाख ३० दिवस होम लोनमध्ये ठेवले तर वाचतात ६७८ रुपये. सूट घ्या, पार्किंग विसरा.

पार्टनरशिप किंवा कंपनी असेल तर थांबा

वरचा सगळा हिशोब प्रोप्रायटरचा आहे. तिथे दुकान आणि मालक कायद्याने एकच, त्यामुळे करंट खात्यातून स्वतःच्या होम लोनमध्ये पैसे गेले तर वहीत ते उचल म्हणून लिहिले जातात आणि परत आणले की भांडवल म्हणून.

पार्टनरशिपमध्ये पैसा फर्मचा आहे. तो एका भागीदाराच्या घराच्या लोनमध्ये गेला तर बाकीच्यांनी विचारलंच पाहिजे, आणि ते विचारतीलच. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये तर आणखी जपून. कंपनीचा पैसा डायरेक्टरच्या खात्यात गेला की ते डायरेक्टरला दिलेलं कर्ज ठरतं. कंपनी कायदा आणि आयकर, दोन्हीकडून त्रास होऊ शकतो. वर्षाला पंधरा-वीस हजारांसाठी हा ताप घ्यायचा नाही.

प्रोप्रायटरनेही या खात्याला दुकानाचं खातं बनवू नये. क्यूआर कोड, व्यापाऱ्यांचे चेक, पगार हे सगळं करंट खात्यातूनच चालू द्या. ठरलेल्या दिवशी, समजा दर सोमवारी आणि गुरुवारी, लागतील तेवढे ठेवून बाकीचे लोन खात्यात वळवा. गरज लागली की परत आणा. वर्षअखेरीस तुमच्या सीएचा निम्मा वेळ वाचेल.

कराचा एक मुद्दा इथेच सांगतो. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, ती प्रत्यक्ष लागलेल्या व्याजावर. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याज पार्किंग केल्यावरही २ लाखांच्या वरच राहतं, म्हणून वजावट कमी होत नाही. तुमचं लोन लहान असेल तर वाचलेल्या व्याजाबरोबर वजावटही थोडी घटेल, ते धरून हिशोब करा. नव्या करपद्धतीत राहत्या घरासाठी ही वजावटच नाही, तिथे वाचलेला रुपया पूर्ण वाचतो. आणि पार्क केलेली रक्कम म्हणजे मुद्दलाची परतफेड नव्हे, त्यामुळे मुद्दलावरच्या वजावटीत ती दाखवता येत नाही.

महिन्याला दहा मिनिटांची तपासणी

बँक बरोबर व्याज लावते की नाही, हे कसं कळणार? खातं जोडायचं राहून गेलं, पैसे भलत्याच खात्यात पडून राहिले, असं होऊ शकतं. व्याज कमी झालं नसेल तर सहा महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

महिना संपला की लोन खात्याचं स्टेटमेंट काढा. शीटमध्ये एका रकान्यात महिन्याच्या प्रत्येक दिवसाची शेवटची देणं शिल्लक लिहा. ज्या दिवशी व्यवहार नाही तिथे आदल्या दिवसाचीच. मग खाली हे सूत्र टाका (३० दिवसांचा महिना, दर ८.२५ टक्के):

```
=SUM(C2:C31)*8.25%/365
```

येणारं उत्तर आणि स्टेटमेंटमधली व्याजाची नोंद जवळपास जुळली पाहिजे. पाच-दहा रुपयांचा फरक चालतो. शेकड्यांत किंवा हजारांत फरक असेल तर शाखेत जा, स्टेटमेंट आणि हा कागद दोन्ही घेऊन. रेपो दर बदलल्यावर तुमचा दर कोणत्या तारखेपासून बदलला, तेही याच वेळी बघा. सूत्रातला दर जुना राहिला तर उगाच बँकेशी वाद घालाल.

आणखी एक. या खात्यात लाखो रुपये काढता येण्यासारखे पडून असतात. फोनवरची फसवणूक करणाऱ्याला हे खातं बचत खात्याइतकंच गोड. डेबिट कार्ड मिळालं तरी ते बंद ठेवा, नेट बँकिंगची रोजची मर्यादा कमीत कमी ठेवा, आणि यूपीआयला हे खातं जोडूच नका.

बँकेत जाताना हे प्रश्न लिहून न्या

• साध्या लोनचा आणि ओव्हरड्राफ्टचा दर, दोन्ही लेखी द्या. फरक किती? तो पुढे बदलू शकतो का?
• किमान किती रकमेच्या लोनला हा प्रकार मिळतो?
• दर महिन्याचा हप्ता बाहेरून यायलाच हवा, की पार्क केलेल्या पैशातून भागला तर चालतो?
• माझं लोन आधीच चालू आहे. त्याच बँकेत या प्रकारात बदलता येईल का, आणि फी किती?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. दुसऱ्या बँकेत लोन हलवायचं म्हटलं तर प्रोसेसिंग फी, वकिलाचा आणि व्हॅल्युएशनचा खर्च, टायटल डीड जमा केल्याचं मुद्रांक शुल्क, नोटीस ऑफ इंटिमेशनची फी हे सगळं पुन्हा येतं. समजा हा खर्च २५ हजार झाला. आपल्या दुकानदाराचा निव्वळ फायदा वर्षाला १७,२५० आहे, म्हणजे पहिलं दीड वर्ष फक्त खर्च भरून काढण्यात जाईल. लोनची दहा-बारा वर्षं बाकी असतील तर विचार करा. चार वर्षं उरली असतील तर आहे तिथेच राहा.

आज रात्री एवढंच करा. करंट खात्याचं मागच्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. प्रत्येक महिन्याच्या ५, १५ आणि २५ तारखेची शिल्लक लिहा. ३६ आकडे होतील. बेरीज करून ३६ ने भागा. जी सरासरी येईल त्यातून दुकानाला रोज लागणारे पैसे वजा करा. उरलेला आकडा तुमच्या लोनच्या फीपेक्षा किती जास्त वाचवून देईल, ते वरच्या पद्धतीने काढा. आपल्या उदाहरणात रेघ ९१ हजारांवर होती. तुमची कुठे आहे, ते तुमचं लोन आणि तुमच्या बँकेचे दर ठरवतील. त्या रेघेच्या बरेच वर असाल तर बँकेत जा. रेघेवर किंवा खाली असाल तर साधं लोनच घ्या, आणि पैसे सुटतील तसे भरत राहा.